संचालक मंडळाची मिटिंग सकाळी सुरू होते अन् दिवे लागेपर्यंत चालते: अजेंडा, आधी वाचायचे कागद आणि अपेक्षित निर्णय याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कामकाज पाहतो. संचालक 10, खरेदी केंद्रं 2, माल मुख्यतः सोयाबीन अन् तूर. आजूबाजूच्या कंपन्यांचे मॅनेजर, सीईओ, कधी एखादे अध्यक्षही फोन करून विचारतात की तुमची मिटिंग आता वेळेत कशी काय संपते बाप्पा. तेच तेच सांगून झालं म्हणून इथं एकदाच लिहून टाकतो. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, हंगामाआधीच्या मिटिंगचं, म्हणजे समजायला सोपं जाईल.

अजेंडा तर आम्हीही पाठवतो, मग मिटिंग लांबते कायले?

कारण बहुतेक अजेंडे असे असतात: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, सोयाबीन खरेदीबाबत चर्चा करणे, ग्रेडिंग मशीनबाबत चर्चा करणे, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. आमचाही असाच होता, दरवेळी जुन्या फाईलमधून तारीख बदलून काढायचो.

आता "सोयाबीन खरेदीबाबत चर्चा करणे" हे वाचून घरून निघालेला माणूस काय तयारी करून येणार? एकाच्या डोक्यात भाव असतो, दुसऱ्याच्या डोक्यात बारदाना, तिसऱ्याला मागच्या वर्षीचं पेमेंट लेट झालं ते काढायचं असतं, अन् तिघंही बरोबरच असतात कारण विषयच तसा लिहिलाय. एका वर्षी आमची मिटिंग 11 वाजता सुरू झाली, मागचं प्रोसिडिंग मोठ्यानं वाचण्यात पाऊण तास गेला, चहा-नाश्त्याच्या 3,400 रुपयांच्या बिलावर तासभर गेला, अन् सोयाबीनचा नंबर आला तेव्हा दोघं जण 4.30 च्या एसटीसाठी चपला घालत होते. ओलाव्याची मर्यादा किती ठेवायची हे त्या दिवशी ठरलंच नाही. मग हंगामात एका केंद्रावर 14 टक्क्यांचा माल परत पाठवला गेला अन् 11 किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रावर तोच ट्रॅक्टर घेतला गेला. ते भांडण निस्तरायला महिना लागला.

मग विषय लिहायचा कसा?

"चर्चा करणे" हे शब्द मी आता अजेंड्यातून काढूनच टाकलेत. प्रत्येक विषयापुढं एकच गोष्ट लिहितो, की हा विषय संपेल तेव्हा आपल्या हातात नेमकं काय असलं पाहिजे. तोच सोयाबीनचा विषय आता असा जातो:

विषय 2. सोयाबीन खरेदीत ओलाव्याची मर्यादा आणि जास्तीच्या ओलाव्यावरची कपात ठरवणे. (निर्णय. 45 मिनिटं. मांडणार: खरेदी समितीचे संचालक. आधी वाचायचा कागद: क्रमांक 2, एक पान.)

त्याच्याखाली ठरावाचा मसुदा, पण रिकाम्या जागा ठेवून: "या हंगामात ____ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेला सोयाबीन विनाकपात घ्यावा, त्यावर ____ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला क्विंटलमागे ____ किलो कपात करावी, त्याहून जास्त ओलावा असल्यास माल वाळवून आणायला सांगावं, हे दोन्ही केंद्रांवर ____ तारखेपासून लागू राहील."

चार रिकाम्या जागा म्हणजे चार उत्तरं हवीत, बस. कोणी मध्येच बारदान्यावर गेलं तर अध्यक्षांना रागवावं लागत नाही, नुसतं विचारायचं, काका हे कोणत्या जागेत भरायचं? हसतात अन् परत येतात.

ठराव आधीच लिहून पाठवला तर "तुमी सारं ठरवूनच आणलं" असं नाही म्हणत?

म्हणतात. आम्हालाही म्हणाले. पहिल्या वेळी मी शहाणपणा करून पूर्ण भरलेला ठराव पाठवला होता, 12 टक्के वगैरे सगळं टाकून. एक जुने संचालक उभे राहिले अन् म्हणाले, "मंग आमाले बोलावलं कायले, सही घ्याले घरीच याचं होतं." त्यांचं काही चूक नव्हतं. तेव्हापासून आकडे रिकामे ठेवतो, अन् कागदात दोन-तीन पर्याय देतो, प्रत्येकाचा फायदा-तोटा दोन-दोन ओळीत. माझं स्वतःचं मत असेल तर तेही शेवटी लिहितो, "व्यवस्थापनाची शिफारस: पर्याय ब" असं सरळ, लपवून नाही. मत लपवून पर्याय असे मांडायचे की एकच शहाणा दिसेल, हा प्रकार लोकांच्या लगेच लक्षात येतो, शेतकरी माणूस आहे तो, बाजारात रोज हेच पाहतो.

आधी वाचायच्या कागदात नेमकं काय असावं? नमुना सांगा.

क्रमांक 2 चा कागदच सांगतो, कारण या एका पानानं आमचा सगळ्यात जुना वाद मिटवला.

सुरुवातीला तीन ओळी, की प्रश्न काय आहे. सरकारी हमीभाव खरेदीत सोयाबीनला साधारण 12 टक्के ओलाव्याची अट असते. 2024-25 च्या हंगामात केंद्रानं ती 15 पर्यंत सैल केली, तेव्हापासून शेतकरी केंद्रावर येऊन म्हणतो, "सरकारनं 15 चा घेतला, मंग तुमी 12 वर कायले अडवता?" आपण ज्या प्लांटला माल देतो तो 12 च्या वर कपात लावतो. म्हणजे मधला फरक कोणी सोसायचा हा प्रश्न.

मग हिशोब. इथंच खरी गंमत आहे. सगळ्यांना वाटायचं की 15 टक्क्यांचा माल 12 वर आणला की क्विंटलला 3 किलो घट येते. ती तेवढी नसते, जास्त असते. 100 किलो सोयाबीनमध्ये 15 किलो पाणी असेल तर कोरडा दाणा 85 किलो. वाळल्यावर हाच 85 किलो दाणा एकूण वजनाच्या 88 टक्के होतो, कारण आता पाणी 12 टक्केच आहे. 85 ला 0.88 नं भागा, 96.59 किलो येतात. म्हणजे घट 3.41 किलो. 14 टक्क्यांवरून आणला तर 2.27, 13 वरून 1.14. टक्क्याला एक किलो धरून कापलं की दर टक्क्याला 140 ग्रॅमच्या आसपास कंपनीच्या खिशातून जातं. समजा 2,000 क्विंटल माल सगळाच 15 टक्क्यांचा आला अन् भाव 5,000 धरला तर जवळपास 41,000 रुपये, नुसत्या हवेत. सगळा माल काही 15 चा येत नाही हे मलाही माहीत आहे, पण वाद कशावर चाललाय त्याचं माप कळतं.

मग पर्याय. अ: 12 च्या वर घ्यायचाच नाही, कंपनीला धोका नाही पण पाऊस झाला की अर्धा माल व्यापाऱ्याकडे जाईल. ब: 14 पर्यंत घ्यायचा, दर टक्क्याला 1.15 किलो कपात. क: 15 पर्यंत, तीच कपात, पण वाळवायला आपल्याकडे ओटा एकच आहे, तो भरला की ओली थप्पी तापते अन् दाणा काळा पडतो.

अन् शेवटी एक ओळ जी मी आधी टाकतच नव्हतो: दोन्ही केंद्रांवरच्या ओलावा मीटरवर एकच नमुना तपासला, एक 13.1 दाखवतो, दुसरा 13.9. ही ओळ वाचूनच दोन संचालकांचे फोन आले की आधी हे मीटर एकसारखे करा, नाहीतर ठरावाला अर्थ काय. मिटिंगच्या आधीच मीटर दुरुस्तीला गेले. हेच जर मिटिंगमध्ये निघालं असतं तर मागच्या हंगामातला प्रत्येक पोता परत मोजायला बसलो असतो.

एकच पान? आमच्या सीए साहेबांनी तर 40 पानांचा रिपोर्ट दिलाय.

ठेवा ना तो, ऑफिसात ठेवा, मागेल त्याला दाखवा. पण संचालकाच्या हातात जे जाईल ते एका विषयाला एक पान, फारच झालं तर दोन. सोयाबीन काढणीच्या दिवसात माणूस रात्री 9 ला घरी येतो, त्याला 40 पानं पाठवली म्हणजे न वाचण्याची परवानगीच दिली. मी स्वतःला नियम लावलाय की जो आकडा रिकाम्या जागेत बसायला मदत करत नाही तो पानावर नाही.

किती दिवस आधी पाठवायचं?

उत्पादक कंपनी असेल तर यात तुमची मर्जी नाही. कंपनी कायदा 2013 मध्ये उत्पादक कंपन्यांसाठी वेगळं प्रकरण आहे, त्यात कलम 378V नुसार संचालक मंडळाच्या मिटिंगची लेखी नोटीस किमान 7 दिवस आधी द्यावी लागते अन् ती देण्याची जबाबदारी सीईओची असते. तातडीनं बोलावता येते, पण मग कारण लिहून ठेवावं लागतं. वार्षिक सर्वसाधारण सभेला किमान 14 दिवस, अन् तिथं नोटीसबरोबर अजेंडा, मागच्या सभेचं इतिवृत्त, ऑडिट झालेला ताळेबंद अन् नफा-तोटा पत्रक हे सगळं द्यायचंच असतं. म्हणजे आधी वाचायचे कागद ही शहरातल्या कंपन्यांची फॅशन आहे असं कोणी म्हणालं तर त्याला हे दाखवा, सभासदांच्या सभेसाठी ते कायद्यातच आहे.

आमचं चक्र असं: 12 दिवस आधी अध्यक्षांना फोन, विषय कोणते अन् त्यातले निर्णयाचे किती. 10 दिवसांपर्यंत बाकी संचालकांकडून विषय घेतो. 7 दिवस आधी नोटीस, अजेंडा अन् कागद एकत्रच जातात. मी आधी नोटीस 7 दिवस आधी अन् कागद "मागून पाठवतो" असं करायचो, ते मागून म्हणजे आदल्या रात्री 11 ला जायचे. आता कागद तयार नसेल तर तो विषय अजेंड्यावर घेतच नाही. हे पाळणं सगळ्यात अवघड आहे, कारण बहुतेक वेळा कागद माझाच राहिलेला असतो.

तारीख ठरवताना आठवडी बाजार, पोळा, गौरी अन् कापूस वेचणीचा जोर बघून घ्या, हे काही मी सांगायला नको.

व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, निळ्या टिका आल्या, तरी कोणी वाचलेलं नसतं. काय करायचं?

निळी टिक म्हणजे फोन उघडला, कागद वाचला असं नाही. अन् आमच्या तीन महिला संचालकांपैकी दोघींचा फोन दिवसभर पोराजवळ असतो, टिक त्याचीच येते. म्हणून आम्ही तीन गोष्टी करतो.

एक, छापील प्रत. 10 जण, प्रत्येकी 6 पानं, झेरॉक्सचे 2 रुपये धरले तर 120 रुपये. दूधगाडीबरोबर किंवा केंद्रावर माल घेऊन येणाऱ्याबरोबर गावोगाव जाते. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी अक्षर मोठं ठेवतो, इथं कागद वाचवू नका.

दोन, प्रत्येक निर्णयाच्या विषयावर 3 मिनिटांचा व्हॉइस मेसेज, आपल्या बोलीत. आमचे एक संचालक सही करतात पण पानभर वाचणं त्यांना जड जातं, ते कोणी कधी बोलून दाखवत नाही अन् दाखवूही नये. ते गोठ्यात काम करता करता मेसेज ऐकतात, अन् खरं सांगू, मिटिंगमध्ये सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचाच असतो.

तीन, दोन दिवस आधी फोन. "कागद वाचला का" असं विचारत नाही, कारण उत्तर "हो हो वाचला" हेच येतं. विचारतो, "ताई, क्रमांक 2 मध्ये तुम्ही अ धराल का ब?" ज्यानं पाहिलं नसेल तो म्हणतो थांबा संध्याकाळी सांगतो, अन् संध्याकाळपर्यंत पाहतो. 9-10 फोन, तासभर जातो. पण फोनवर मत गोळा करून बेरीज करू नका अन् मिटिंगमध्ये "सहा जणांचं ब आहे" असं तर अजिबात सांगू नका, मग खरंच ठरवून आणल्यासारखं होतं.

तरीही न वाचता आलेच तर?

विषय सुरू होण्याआधी 7-8 मिनिटं शांतपणे कागद वाचायला देतो, एक जण मोठ्यानं वाचतो. वाचून आलेल्यांना थोडा कंटाळा येतो, येऊ द्या. न वाचलेल्या माणसाला समजावत बसण्यात जो अर्धा तास जातो त्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

विषयांचा क्रम कसा लावायचा?

जड निर्णय आधी, जेवणाआधी. जमाखर्च, मागचं इतिवृत्त, माहितीचे विषय शेवटी किंवा कागदावरच. इतिवृत्त 7 दिवस आधी हातात गेलंय तर ते वाचून दाखवायची गरज काय, "कोणाची दुरुस्ती?" एवढं विचारलं की 5 मिनिटात कायम होतं. लोक म्हणतात पहिला विषय इतिवृत्ताचाच असतो, रीत आहे. असू द्या पहिला, पण वाचन नको.

आमच्या त्या मिटिंगला 6 विषय होते, त्यात निर्णयाचे फक्त 3: ओलावा, ग्रेडिंग मशीन अन् तारण कर्जासाठी गोदामाची निवड. एका दिवसात यापेक्षा जास्त खरे निर्णय आमच्या मंडळाला झेपत नाहीत, चौथा घेतला की तो जेवणानंतरच्या डुलकीत मंजूर होतो अन् पुढच्या मिटिंगला कोणीच त्याची जबाबदारी घेत नाही.

ऐनवेळचे विषय बंद करायचे का?

बंद नाही करता येत, लोक ऐकणार नाहीत, अन् कधी खरंच काहीतरी आदल्या दिवशी उगवतं. आम्ही एवढंच ठरवलं की ऐनवेळच्या विषयावर बोलता येईल, पण ज्यात 10,000 च्या वर पैसा लागतो त्यावर त्याच दिवशी ठराव नाही, कागद करून पुढच्या मिटिंगला. आकडा तुमच्या कंपनीप्रमाणे ठेवा. हे ठरलं तेव्हा दोघं नाराज झाले, कारण काही जणांचा खरा विषय नेहमी ऐनवेळीच यायचा, सगळे थकलेले असताना. समजणाऱ्याला समजलं.

कोटेशन, भाव असं काही ग्रुपवर टाकलं अन् बाहेर गेलं तर?

जातंच. ग्रेडिंग मशीनची तीन कोटेशनं मी एकदा ग्रुपवर टाकली, दुसऱ्या दिवशी एका विक्रेत्याचा फोन, "साहेब तुमचा दुसरा भाव एवढा आहे ना, मी दोन हजार कमी करतो." आता विक्रेत्याचं नाव अन् रक्कम असलेलं पान फक्त छापील, क्रमांक टाकून, मिटिंगच्या सुरुवातीला देतो अन् शेवटी परत घेतो. आधीच्या कागदात विक्रेता 1, 2, 3 एवढंच, अन् तासाला किती क्विंटल, वीज किती, दुरुस्तीला माणूस कुठून येणार ही माहिती, कारण निर्णय खरं तर त्यावरच व्हायला हवा. एखाद्या संचालकाचा नातेवाईकच विक्रेता असेल तर ते विषय मांडायच्या आधीच बोलून टाकावं अन् त्यांनी त्या विषयापुरतं बाहेर बसावं, हे अजेंड्याच्या तळाशी एका ओळीत लिहिलेलं असतं म्हणजे ऐनवेळी कोणाला बोट दाखवावं लागत नाही.

एवढं सगळं करून त्या दिवशी मिटिंग किती वाजता संपली?

11.10 ला सुरू झाली, 3.40 ला संपली, मध्ये पिठलं-भाकरी अन् अंबाडीच्या भाजीचं जेवण धरून. ओलाव्याला 45 मिनिटं ठेवली होती, 55 लागली, पर्याय ब ठरला अन् कपात 1.15 च राहिली. 15 वाल्यांचा आग्रह होता म्हणून त्यात एक ओळ वाढली की सलग दोन दिवस पाऊस झाला तर खरेदी समिती आठवड्यापुरती मर्यादा 15 करू शकेल, ही ओळ माझ्या मसुद्यात नव्हती अन् ती मसुद्यापेक्षा चांगली होती. गोदाम 20 मिनिटात झालं. ग्रेडिंग मशीनचा निर्णय मात्र झाला नाही. एका कोटेशनमध्ये वाहतूक धरली होती, दोघांत नव्हती, अन् ते मी पाहिलंच नव्हतं, एका ताईंनी पहिल्या दोन मिनिटात दाखवून दिलं. विषय तिथंच थांबवला, प्रोसिडिंगात लिहिलं की वाहतुकीसह तिन्ही दर घेऊन पुढच्या मिटिंगला, जबाबदारी माझी. 4.30 ची एसटी सगळ्यांना मिळाली.